औषधांच्या फ्रीजची घंटा : किती अंशांवर आणि किती वेळाने?

रुग्णालयाच्या वॉर्डात सिस्टरांच्या टेबलाजवळ एक फ्रीज असतो. त्याच्यावर बहुधा 'फक्त औषधांसाठी' अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. रात्री-अपरात्री या फ्रीजमधून टीं-टीं असा आवाज येऊ लागतो. सिस्टर येतात, एक बटण दाबतात, आवाज थांबतो. बाकावर बसलेल्या नातेवाइकाला वाटते, दार नीट लागले नसेल. बहुतेक वेळा खरोखरच तेवढेच असते. पण एखाद्या वेळी तो आवाज काही वेगळेच सांगत असतो, आणि त्या रात्री बटण दाबून निघून गेल्यास दुसऱ्या दिवशी कुणाला तरी पाण्याइतकेच निरुपयोगी इंजेक्शन दिले जाण्याचा संभव असतो.

मोठ्या रुग्णालयांत यंत्रसामग्री सांभाळणारा एक अभियंता असतो. त्याला जैववैद्यकीय अभियंता म्हणतात. या फ्रीजच्या घंटेची मर्यादा, म्हणजे किती अंशांवर आणि किती वेळाने ती वाजावी, हे तो बसवतो. मर्यादा बदलली की सर्व वॉर्डांना ई-मेल पाठवून कळवतो. असा ई-मेल वरवर पाहता चार आकड्यांचा कोरडा कागद वाटतो. पण ते आकडे तसेच का ठरवले, हे समजले तर औषधे कशी बिघडतात हेही समजते. आणि ज्यांच्या घरी इन्सुलिनची बाटली आहे त्यांना ते रोजच्या उपयोगाचे आहे. म्हणून या आठवड्यात त्या आकड्यांविषयी.

फ्रीजमध्ये असते काय?

आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे, तालुक्यांना ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आहेत आणि गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. यांपैकी कुठेही जा, फ्रीजमध्ये साधारण तीच औषधे आढळतील. मधुमेहाचे इन्सुलिन, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवण्यासाठी द्यायचे ऑक्सिटोसिन, कुत्रा चावल्यावर द्यायची रेबीजची लस, धनुर्वाताची लस आणि लहान मुलांच्या लसी. यांच्या वेष्टनावर '२ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे' असे छापलेले असते.

सर्पदंशावरची लस मात्र नेहमीच फ्रीजमध्ये लागते असे नाही. तिचा भुकटीच्या रूपातला प्रकार थंड, सावलीच्या जागी बाहेर राहू शकतो, द्रवरूप प्रकाराला फ्रीज लागतो. म्हणून औषधाच्या नावापेक्षा वेष्टनावरची ओळ महत्त्वाची.

आता प्रश्न असा की दोन ते आठच का? आठाच्या वर गेले तर काय होते आणि दोनाच्या खाली गेले तर काय होते? या दोन प्रश्नांची उत्तरे सारखी नाहीत, आणि सगळी गोम इथेच आहे.

उष्णता हळूहळू खाते, गोठण एकदम मारते

यांतली बरीच औषधे प्रथिनांची किंवा प्रथिनांसारख्या नाजूक घटकांची बनलेली असतात. उष्णतेने ती मंद गतीने खराब होतात. तापमान जितके जास्त तितका बिघाड लवकर. नऊ अंशांवर तासभर राहिलेली बाटली आणि चाळीस अंशांवर तासभर राहिलेली बाटली यांत फार मोठा फरक आहे. म्हणजे उष्णतेचा हिशेब दोन गोष्टींचा असतो, किती अंश आणि किती वेळ. शिवाय हा हिशेब साठत जातो. आज दोन तास, पुढच्या आठवड्यात तीन तास, असे करत करत औषधाचा जोर कमी होत असतो.

गोठण्याचे तसे नाही. गोठणे हे एकदाच घडते आणि पुरे होते. कावीळ ब, धनुर्वात यांसारख्या लसींमध्ये औषध ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेले असते. लस गोठली की हे कण एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. पुन्हा वितळली तरी गठ्ठे सुटत नाहीत. काविळीची लस शून्याच्या खाली अवघा अर्धा अंश गेले की गोठू लागते. इन्सुलिनही गोठल्यानंतर भरवशाचे राहत नाही. ते वितळून पुन्हा स्वच्छ पाण्यासारखे दिसले तरी टाकून द्यायचे असते.

आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे. थंडी म्हणजे चांगले, जितके गार तितके औषध टिकाऊ. दुधाच्या बाबतीत ते खरे असेल. या औषधांच्या बाबतीत उलट आहे. दहा अंशांवर दोन तास निघाले तर बहुतेक औषधे वाचतात. उणे एकवर तास-दीड तास गेला तर त्यातली कित्येक कायमची जातात.

जागतिक आरोग्य संघटनेने लसींच्या फ्रीजमधल्या तापमान-नोंदणी यंत्रांसाठी जे प्रमाण ठरवले आहे त्यात हा फरक स्पष्ट दिसतो. तापमान सलग १० तास ८ अंशांच्या वर राहिले तर उष्णतेचा इशारा. पण उणे अर्धा अंश किंवा त्याखाली केवळ ६० मिनिटे राहिले तरी गारठ्याचा इशारा. एकीकडे दहा तास, दुसरीकडे एक तास. वॉर्डातल्या फ्रीजची घंटा याच्याही बरीच आधी वाजवतात. कारण तिचे काम नुकसान झाल्याची नोंद करणे नसून नुकसान होण्याआधी माणसाला उठवणे हे आहे.

घंटा उगाच का वाजते?

जुन्या पद्धतीत घंटा अशी लावलेली असे की आतली हवा आठच्या वर गेली की लगेच आवाज. ऐकायला हे फार दक्ष वाटते. प्रत्यक्षात काय होते पाहा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. दुपारी वॉर्डातली हवाच पस्तीस-छत्तीस अंश असते. सिस्टरांनी इन्सुलिन काढायला दार उघडले की आतली गार हवा खाली वाहून जाते आणि बाहेरची गरम हवा आत शिरते. अर्ध्या मिनिटात आतल्या हवेचे तापमान बारा-तेरा होते आणि घंटा वाजते. पण बाटलीतले औषध त्या अर्ध्या मिनिटात जेमतेम तापलेले असते. हवा लवकर तापते, पाणी उशिरा तापते, हे स्वयंपाकघरात आपण रोज पाहतो. दार लावल्यावर काही मिनिटांत हवा पुन्हा गार होते.

असे दिवसातून तीस वेळा झाले तर तीस वेळा घंटा वाजणार, आणि तीसही वेळा काहीच झालेले नसणार. मग एकतिसाव्या वेळी खरोखर वीज गेलेली असली तरी हात सवयीने बटणाकडेच जातो. यात सिस्टरांचा दोष नाही. वेळी-अवेळी ओरडणाऱ्या राखणदाराकडे कोणीच लक्ष देत नाही. दोष मर्यादा बसवण्यात आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, तापमान मोजणारी कांडी, जिला तंत्रज्ञ प्रोब म्हणतात, ती उघड्या हवेत न ठेवता ग्लिसरीन-पाण्याच्या लहान बाटलीत बुडवून ठेवायची. ती बाटली औषधाच्या बाटलीइतक्याच सावकाश तापते आणि सावकाश गार होते. त्यामुळे पडद्यावरचा आकडा हवेचा न राहता साधारण औषधाचा होतो. दुसरा उपाय, मर्यादा ओलांडल्यावर काही मिनिटे थांबून मगच घंटा वाजवायची. मात्र हे थांबणे गरम बाजूला जास्त आणि थंड बाजूला कमी ठेवायचे. का, ते वर आलेच आहे.

पत्र कसे असावे?

हे सारे डोळ्यांपुढे ठेवून अभियंत्याने वॉर्डांना पाठवायचा ई-मेल कसा असावा, याचा एक नमुना पुढे देतो. तो कोणत्याही एका रुग्णालयाचा नाही. मिनिटांचे आकडे प्रत्येक रुग्णालय आपल्या फ्रीजप्रमाणे थोडे इकडे-तिकडे ठरवते. मांडणी मात्र अशीच असली तर वाचणाऱ्याला काम कळते.

'सर्व वॉर्डांच्या इन्चार्ज सिस्टर व सहकाऱ्यांस, नमस्कार.

येत्या सोमवारपासून औषधांच्या फ्रीजच्या घंटेच्या मर्यादा बदलत आहेत. आजवर ८ अंशांच्या वर किंवा २ अंशांच्या खाली आकडा गेला की घंटा लगेच वाजत असे. आता प्रोब ग्लिसरीनच्या बाटलीत ठेवला आहे. ती बाटली मधल्या फळीवर औषधांच्या शेजारीच राहील. कृपया ती हलवू नये, दारात किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नये.

आकडा ८ च्या वर सलग २० मिनिटे राहिला तर घंटा वाजेल. आकडा २ च्या खाली सलग १० मिनिटे राहिला तर घंटा वाजेल. आकडा ० वर आला तर न थांबता लगेच वाजेल. दार ३ मिनिटांपेक्षा जास्त उघडे राहिले तर वेगळा, तुटक आवाज येईल. घंटेला स्वतःची बॅटरी आहे, त्यामुळे वीज गेली तरी ती चालू राहील.

यापुढे घंटा पूर्वीपेक्षा खूप कमी वेळा वाजेल. म्हणून वाजली तर ती खरी समजावी. बटण दाबल्याने आवाज थांबतो, बिघाड थांबत नाही. आवाज बंद करण्यापूर्वी पडद्यावरचा आकडा आणि घड्याळातली वेळ वहीत लिहावी. दार उघडून पाहू नये. उन्हाळ्यात गार हवा कोंडून ठेवणे हाच पहिला उपचार आहे. वीज नसेल तर वायरमनला व मला कळवावे. वीज असूनही आकडा चढत असेल तर औषधे दुसऱ्या चालू फ्रीजमध्ये हलवावी लागतील, ती थेट बर्फावर ठेवू नयेत.

थंडीची घंटा वाजल्यास थर्मोस्टॅटच्या बटणाला हात न लावता आधी मला फोन करावा. शून्य अंशांचा आवाज झाल्यास फोनची वाट न पाहता औषधे दुसऱ्या चालू फ्रीजमध्ये हलवावीत.

मर्यादेबाहेर राहिलेली औषधे टाकूही नयेत आणि वापरूही नयेत. पिशवीत घालून, 'निर्णय होईपर्यंत वापरू नये' अशी चिठ्ठी लावून, चालू फ्रीजमध्येच वेगळी ठेवावीत. पुढचे फार्मासिस्ट ठरवतील.'

पत्रातले शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. घाबरून सगळे फेकून देणे म्हणजे दुसऱ्या दिवशी रुग्णाला औषधच नसणे. काही झाले नाही असे समजून वापरणे म्हणजे जोर गेलेले औषध देणे. या दोहोंच्या मध्ये 'बाजूला ठेवा आणि विचारा' ही तिसरी वाट आहे.

दोन रात्रींची गोष्ट

आता ही मर्यादा प्रत्यक्षात कशी चालते ते उदाहरणाने पाहू. समजा, मे महिन्यातली रात्र आहे. ११ वाजून ४० मिनिटांनी वीज गेली. जनरेटर शस्त्रक्रियागृहाला जोडलेला आहे, वॉर्डातल्या फ्रीजला नाही. त्या वेळी आकडा ५.१ होता. दार बंद असल्यामुळे तो सावकाश चढत गेला आणि १२ वाजून ५० मिनिटांनी ८ ला पोचला. घंटा तेव्हा वाजली नाही. २० मिनिटे थांबून १ वाजून १० मिनिटांनी वाजली. सिस्टरांनी पाहिले, आकडा ८.६. त्यांनी वेळ लिहिली, दार उघडले नाही, वायरमनला फोन केला. २ वाजून ५ मिनिटांनी वीज आली. आकडा ९.८ पर्यंत चढून उतरू लागला आणि २ वाजून ५० मिनिटांनी ८ च्या खाली आला.

सकाळी फार्मासिस्टने वही पाहिली. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या, सर्वांत जास्त आकडा किती आणि आठच्या वर एकूण वेळ किती. उत्तर मिळाले, ९.८ अंश आणि २ तास. इन्सुलिनची वापरात असलेली बाटली तर खोलीच्या बेताच्या तापमानातही काही आठवडे चालते, त्यामुळे तिची चिंता नव्हती. लसींच्या बाटल्यांवरच्या खुणा तपासल्या. ऑक्सिटोसिनच्या वेष्टनावर उत्पादकाने काय सवलत दिली आहे ते पाहिले. औषधे परत वापरात घेतली आणि ही दोन तासांची नोंद त्या साठ्याच्या नावाने लिहून ठेवली. पुढच्या वेळी आणखी दोन तास झाले तर ते यात मिळवावे लागतील.

आता डिसेंबरमधली दुसरी रात्र घ्या. उन्हाळ्यात फ्रीज पुरेसा गार होईना म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅटचे बटण मोठ्या आकड्यावर फिरवले होते. बहुतेक साध्या फ्रीजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त गारवा. थंडी पडली, वॉर्डाची हवाच पंधरा अंशांवर आली, पण बटण तसेच राहिले. पहाटे ४ वाजता आकडा २ च्या खाली उतरला आणि ४ वाजून १० मिनिटांनी घंटा वाजली. आकडा होता १.६. नव्या आलेल्या परिचारिकेला वाटले, गारच तर आहे, चांगलेच आहे. तिने आवाज बंद केला. ५ वाजता शून्याची घंटा वाजली, तीही तशीच बंद झाली. सकाळी वरिष्ठ सिस्टर आल्या तेव्हा नोंदीत सर्वांत कमी आकडा उणे १.२ होता आणि उणे अर्ध्याच्या खाली १ तास २५ मिनिटे गेली होती.

बाटल्या पाहिल्या तर सगळ्या द्रवरूपच दिसत होत्या. गोठून पुन्हा वितळल्या होत्या की गोठल्याच नव्हत्या, हे डोळ्यांनी सांगता येत नव्हते. इन्सुलिन बाद केले गेले, कारण संशय आला की ते वापरायचेच नसते. मे महिन्यातल्या रात्री फ्रीज दोन तास मर्यादेबाहेर होता, तरी काही वाया गेले नाही. डिसेंबरमध्ये शून्याखालच्या दीड तासाने फळीच्या फळी गेली. घंटेचे आकडे दोन्ही बाजूंना वेगवेगळे का, याचे उत्तर या दोन रात्रींत आहे.

बिघडलेले औषध ओळखता येते का?

लसींच्या बाबतीत थोडेफार येते. पुष्कळ लसींच्या बाटलीवर एक लहान गोल आणि त्यात चौकोन छापलेला असतो. सुरुवातीला चौकोन गोलापेक्षा फिकट असतो. उष्णता साठत गेली की तो गडद होत जातो. चौकोन गोलाच्या रंगाचा किंवा त्याहून गडद झाला की ती लस द्यायची नाही. ही खूण १९९६ पासून प्रथम पोलिओच्या लसीवर आली. मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईने ती पाहायला मागितली तर त्यात काही वावगे नाही. पण एक लक्षात ठेवावे, ही खूण फक्त उष्णता सांगते. लस गोठली होती की नाही, याचा तिला पत्ताच नसतो.

गोठण्यासाठी 'हलवून पाहण्याची' परीक्षा आहे. धनुर्वात किंवा काविळीच्या लसीवर संशय आला तर त्याच उत्पादकाची, त्याच खेपेची एक बाटली मुद्दाम पूर्ण गोठवतात आणि वितळवतात. मग ही बाटली आणि संशयित बाटली एका हातात धरून हलवतात व शेजारी-शेजारी ठेवतात. गोठवलेल्या बाटलीत गाळ भराभर तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाणी दिसते. संशयित बाटलीतही गाळ तितक्याच वेगाने बसला तर ती गोठली होती असे धरायचे. गाळ सावकाश बसला तर ती वापरता येते. ही परीक्षा ॲल्युमिनियमचा क्षार असलेल्या लसींनाच लागू आहे. इन्सुलिनला किंवा ऑक्सिटोसिनला अशी कोणतीही सोपी परीक्षा नाही. जोर गेलेले ऑक्सिटोसिन दिसायला ताज्यासारखेच असते. ते दिल्यावर बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही तेव्हाच कळते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून तिथे घंटेशिवाय दुसरा साक्षीदार नाही.

घंटेवर किती विसंबावे?

घंटा फक्त आपल्या प्रोबच्या जागेचे तापमान जाणते. प्रोब मधल्या फळीवर आणि बाटली बर्फाच्या कप्प्याला टेकलेली, असे असेल तर घंटा गप्प राहील आणि बाटली गोठेल. म्हणून बर्फाच्या कप्प्याखाली आणि मागच्या भिंतीलगत या औषधांना जागा देत नाहीत. दुसरे, प्रोबही चुकतो. अर्धा अंश इकडे-तिकडे दाखवणे सामान्य आहे. तो तपासण्याची रीत साधी आहे. कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी एकत्र करून ढवळले की ते मिश्रण शून्य अंशांवर स्थिर राहते. प्रोब त्यात बुडवून ठेवला तर पडद्यावर शून्य, फार तर अर्धा अंश मागे-पुढे दिसले पाहिजे. त्याच वेळी थंडीची घंटाही वाजली पाहिजे. एकाच परीक्षेत दोन्ही कामे होतात.

लसींसाठी आरोग्य केंद्रांत जो वरून उघडणारा पेटीसारखा फ्रीज असतो, त्याच्या भिंतींत बर्फाचा थर असतो. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी तो आतला गारवा राखतो. भारनियमनाच्या काळात खेड्यांतल्या लसी त्यानेच राखल्या. २०१५ पासून केंद्र सरकारच्या ईव्हिन या योजनेत अशा फ्रीजना मोबाइलचे सिम असलेले तापमान-नोंदणी यंत्र बसवण्यात येऊ लागले. मर्यादा ओलांडली की संबंधितांच्या फोनवर संदेश येतो. वॉर्डातला साधा फ्रीज मात्र असा वीज नसताना फार वेळ तग धरत नाही, म्हणून त्याच्या घंटेला लवकर वाजावे लागते.

आपल्या घरातली बाटली

ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांच्या फ्रीजला घंटा नसते. त्यांनी न उघडलेली बाटली मधल्या फळीवर डब्यात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून कधीही ठेवू नये. दाराच्या कप्प्यात तापमान सारखे वर-खाली होते, तिथेही नको. थंडी सुरू झाली की थर्मोस्टॅटचे बटण खाली आणायला विसरू नये. वापरात असलेली बाटली किती दिवस बाहेर चालते ते तिच्या वेष्टनावर असते, पुष्कळ प्रकारांना २८ दिवस ही मुदत असते. मात्र 'बाहेर' म्हणजे पंचवीस-तीस अंशांच्या आतली खोली, मे महिन्यातली पत्र्याची खोली नव्हे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत मधुमेहाचा रुग्ण असेल तर कोपीवर फ्रीज कुठून असणार? अशा वेळी मातीचा माठ उपयोगी पडतो. दोन लहान-मोठी मडकी एकात एक ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी, आतल्या कोरड्या मडक्यात बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी आणि वरून ओले फडके झाकावे. आपल्याकडची कोरडी हवा पाणी ओढून घेते आणि आतला भाग बाहेरच्यापेक्षा बराच गार राहतो. तिथे दोन ते आठ अंश मिळणार नाहीत, पण वापरातल्या बाटलीला तेवढे लागतही नाहीत. प्रवासात बाटली बर्फाच्या खड्यांत खुपसून नेऊ नये. बर्फ हवाच असेल तर तो आणि बाटली यांच्या मध्ये जाड टॉवेलाची घडी असावी.

आणि साखर एकाएकी आवरेनाशी झाली, खाण्यात व मात्रेत काही बदल नसताना, तर मात्रा वाढवण्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. ही बाटली गेल्या महिन्यात कुठे कुठे राहिली, ते.